क्लाउड प्रात्यक्षिकांसाठी मर्यादित खर्चाची मागणी : प्राचार्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा कसा वाटतो?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी एका अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या तृतीय वर्षाला क्लाउडचा विषय शिकवते. वर्गात 60 विद्यार्थी आहेत, प्रात्यक्षिकांसाठी वीस-वीसच्या तीन तुकड्या होतात आणि सत्रात 10 प्रात्यक्षिके घ्यावी लागतात. गेल्या वर्षापर्यंत आम्ही विद्यार्थ्यांना स्वतःचे मोफत खाते उघडायला सांगत होतो. खाते उघडताना कार्ड द्यावे लागते आणि वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांकडे स्वतःचे कार्ड नसते, त्यामुळे कोणी वडिलांचे तर कोणी मामाचे कार्ड घेऊन येते. मागच्या दिवाळीनंतर एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या कार्डावर तीन हजारांहून अधिक रुपयांची आकारणी झाली. प्रात्यक्षिकात तिने खाजगी नेटवर्कमधील मशीनला इंटरनेटकडे जाण्याची वाट देणारा एक नॅट गेटवे तयार केला होता आणि तो महिनाभर तसाच राहिला होता. आम्ही दिलेल्या प्रात्यक्षिकाच्या पत्रकात तो काढून टाकण्याची पायरीच नव्हती. चूक आमची होती आणि पैसे मात्र डेअरीला दूध घालणाऱ्या एका शेतकऱ्याचे गेले. यापुढे कोणाच्याही घरचे कार्ड वापरायचे नाही, असे मी तेव्हाच ठरवले.

म्हणून प्राचार्यांना पत्र देत आहे. मसुदा असा आहे :

*प्रति, मा. प्राचार्य.*
*विषय : क्लाउड प्रात्यक्षिकांसाठी प्रतिसत्र 12,000 रुपयांची मर्यादित तरतूद मिळण्याबाबत.*
*महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करते की, तृतीय वर्षाच्या 60 विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी महाविद्यालयाच्या नावाने क्लाउड सेवेचे एक खाते उघडण्यास व त्यासाठी प्रतिसत्र कमाल 12,000 रुपये खर्चास मान्यता मिळावी. खात्यावर 12,000 रुपयांचे बजेट लावले जाईल, त्यामुळे खर्च या रकमेपुढे जाणार नाही. विद्यार्थ्यांना स्वतःचे कार्ड वापरावे लागणार नाही. तरी कृपया मान्यता द्यावी, ही विनंती.*

पत्र पुरेसे आहे का, रक्कम योग्य आहे का आणि प्राचार्य कोणते प्रश्न विचारतील, हे जाणकारांनी सांगावे.

नदीकाठची

आमच्या मुलाच्या महाविद्यालयात सगळ्यांच्या जर्नल आणि प्रकल्पाच्या फायली क्लाउडवर ठेवतात आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही, कारण महाविद्यालयाच्या ईमेलबरोबर जागा मोफत मिळते. मग 12,000 रुपये कशासाठी लागतात, हे समजले नाही.

कृष्णाकाठ

नदीकाठची, आपण म्हणता ती फायली ठेवण्याची जागा झाली आणि ती आमच्याकडेही आहे. येथे प्रत्येक विद्यार्थ्याला दूरच्या डेटा सेंटरमध्ये स्वतःचा संगणक चालू करून त्यावर वेबसर्व्हर, डेटाबेस आणि नेटवर्क उभे करायचे असते. तो संगणक चालू असेपर्यंत त्याचे भाडे तासावर लागते, मग त्यावर कोणी काम करत असो वा नसो. तरीही आपला प्रश्न उपयोगाचा आहे, कारण प्राचार्यही तोच विचारण्याची शक्यता आहे. पत्रात हे एका वाक्यात लिहीन.

हिमांशू_क

पत्र चांगले आहे. बजेट लावले की प्रश्न मिटतो, याचा मी स्वतः अनुभव घेतला आहे. अभियांत्रिकीला असताना माझ्या खात्यातील रक्कम संपली तेव्हा सगळी मशीन आपोआप बंद झाली होती आणि एक रुपयाही जास्त लागला नव्हता. त्यामुळे खर्च या रकमेपुढे जाणार नाही, हे वाक्य बरोबर आहे आणि ते ठळक अक्षरांत लिहावे.

देवराई

मी गेली दहा वर्षे पुण्यात याच कामात आहे. कृष्णाकाठ ताई, आपल्या पत्रातील नेमके तेच वाक्य खोडावे असे माझे मत आहे, कारण ते खरे नाही, आणि प्राचार्य सही करतील ती त्याच वाक्यावर विश्वास ठेवून करतील.

हिमांशू यांनी पाहिले ते खरे आहे, पण ते विद्यार्थ्यांसाठीच्या खात्यात पाहिले आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर फॉर स्टुडंट्स योजनेत 100 डॉलर 12 महिन्यांसाठी मिळतात, कार्ड लागत नाही आणि रक्कम संपली की सेवा थांबते. तेथे खरोखरच कुलूप आहे. मात्र त्याच कंपनीचे वापरानुसार बिलाचे साधे खाते घेतले, तर त्यात हे कुलूप मिळत नाही. ॲमेझॉन आणि गूगलच्या नेहमीच्या खात्यांतही बजेट म्हणजे मुळात एक इशारा आहे. ठरलेली रक्कम ओलांडली की ईमेल येतो आणि मशीन चालूच राहतात.

शिवाय तो इशाराही उशिरा येतो. ॲमेझॉनच्या बजेटमधील आकडे साधारण आठ ते बारा तासांनी अद्ययावत होतात. समजा, सायंकाळी सहा वाजता एखाद्या विद्यार्थ्याची ॲक्सेस की चुकून गिटहबवर गेली आणि कोणी परक्याने तिच्या आधारे महागडी जीपीयू मशीन चालू केली, तर आपल्याला पहिला ईमेल दुसऱ्या दिवशी सकाळी येऊ शकतो. मी हे एका ठिकाणी घडलेले पाहिले आहे. ईमेल आला तेव्हा रक्कम मर्यादेच्या कितीतरी पुढे गेली होती आणि बजेट मात्र अगदी नीट लावलेले होते.

हिमांशू_क

माझे खाते विद्यार्थी योजनेचेच होते, हे आता लक्षात आले. पण बजेट ओलांडल्यावर आपोआप कृती करण्याची सोयही असते, ती मी कार्यालयात वापरलेली आहे. मग मर्यादा पाळली जात नाही असे कसे म्हणता येईल?

देवराई

ती सोय आहे आणि ती लावावी, असेच मी सांगणार आहे. फक्त तिच्या सीमा माहीत असाव्यात. बजेट ठरावीक टक्क्यांवर पोहोचले की विद्यार्थ्यांच्या गटावर मनाईचा नियम आपोआप लावता येतो. त्यामुळे नवीन मशीन सुरू होत नाही, परंतु आधीपासून चालू असलेली मशीन चालूच राहतात, कारण तो नियम फक्त पुढच्या विनंतीला नाही म्हणतो. चालू मशीन थांबवण्याची कृतीही आहे, मात्र ती लावताना कोणती मशीन थांबवायची हे आधी निवडून द्यावे लागते. ज्या प्रयोगशाळेत दर तुकडीला वीस नवी मशीन जन्माला येतात, तेथे त्यांची नावे आधी कोठून देणार? आणि ही कृतीसुद्धा त्याच उशिरा येणाऱ्या आकड्यांवर चालते.

म्हणून मर्यादा बजेटच्या पानावर लावण्याऐवजी मशीन जेथे जन्माला येते तेथे लावावी लागते.

लेखनिक

मी एका महाविद्यालयातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. तांत्रिक भाग जाणकार सांगतीलच, मी कार्यालयाच्या बाजूने लिहितो.

पहिली गोष्ट, हा खर्च कोणत्या शीर्षाखाली पडणार हे पत्रात नाही. संगणक घेतला तर तो जडसंग्रह नोंदवहीत चढतो. येथे सत्र संपल्यावर हातात वस्तू काहीच राहत नाही, त्यामुळे तो आवर्ती खर्च आहे आणि प्रयोगशाळा खर्चात दाखवावा लागेल. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ल आणि काचनळ्या लागतात, त्यांचा हिशोब ज्या पद्धतीने होतो त्याच पद्धतीने हा व्हावा. ही उपमा पत्रात घातली तर लेखा विभागाला लगेच समजेल.

दुसरी गोष्ट, खाते कोणाच्या नावे उघडणार? आपण स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या कार्डावर उघडून नंतर प्रतिपूर्ती मागणार असाल, तर ते कृपया करू नका. बिल आपल्या नावाचे निघेल आणि लेखापरीक्षणात आक्षेप येईल. उद्या आपली बदली झाली किंवा आपण नोकरी सोडली, तर खात्याची किल्ली आपल्याबरोबर जाईल. खाते महाविद्यालयाच्या नावाने, कार्यालयाच्या ईमेलवर आणि महाविद्यालयाच्या पत्त्यावर असावे.

तिसरी गोष्ट, 12,000 मध्ये जीएसटी धरला आहे का? 18 टक्के कर वेगळा लागतो आणि महाविद्यालयाला तो सहसा परत मिळत नाही, म्हणून तोही खर्चच समजावा.

जुनी_प्रयोगशाळा

माझे मत वेगळे आहे. मीही 22 वर्षे शिकवत आहे. पहिल्या सहा-सात प्रात्यक्षिकांसाठी क्लाउडला पैसे देण्याचे कारणच नाही. व्हर्च्युअल मशीन, कंटेनर, वेबसर्व्हर, लोड बॅलन्सर आणि वस्तुसंग्रहाची साठवण हे सगळे प्रयोगशाळेतील संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स, डॉकर आणि मिनिओ वापरून होते. 16 जीबी मेमरीच्या एका जुन्या संगणकावर मी डेव्हस्टॅकने ओपनस्टॅक हा स्वतःचाच क्लाउड उभा करून दाखवतो. तो सुरू व्हायला वेळ लागतो, पण मशीन मागितल्यावर आत नेमके काय घडते, हे मुलांना तेथेच दिसते. भाड्याच्या क्लाउडवर बटण दाबण्यापलीकडे काय शिकवले जाते, याचा विचार व्हावा. त्याशिवाय आमच्या गावात आठवड्यातून दोन वेळा इंटरनेट बंद असते आणि तेव्हा आमची प्रात्यक्षिके थांबत नाहीत.

कृष्णाकाठ

सर, आपले म्हणणे मला बरेचसे पटते. कंटेनर आणि वेबसर्व्हरची प्रात्यक्षिके आम्हीही स्थानिक संगणकावर घेऊ शकू. मात्र परवानग्यांचे नियम, खाजगी आणि सार्वजनिक नेटवर्कची विभागणी आणि बिल वाचणे हे तीन विषय मला खऱ्या क्लाउडवरच शिकवायचे आहेत. त्यातही बिल वाचणे सर्वात महत्त्वाचे वाटते, कारण दिवाळीतील ती घटना बिल न वाचता आल्यामुळेच घडली.

लेखनिक, आपले तिन्ही मुद्दे माझ्या ध्यानात नव्हते. कर मी धरला नव्हता. खरे सांगायचे तर 12,000 हा आकडाही मी अंदाजानेच लिहिला होता.

देवराई

मग आकडा मांडून पाहू. मी ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधील, म्हणजे तेथील डेटा सेंटरांमधील, t3.small हे लहान मशीन धरतो, दर तासाला 0.0224 डॉलर. त्याच्या सार्वजनिक आयपी पत्त्याचे वेगळे 0.005 डॉलर लागतात. ही आकारणी फेब्रुवारी 2024 पासून सुरू झाली आहे आणि जुन्या पत्रकांत ती नसते. पत्र देण्याच्या दिवशी दर पुन्हा पाहून घ्यावेत.

60 विद्यार्थी, 10 प्रात्यक्षिके आणि प्रत्येकी अडीच तास, म्हणजे 1,500 तास झाले. चार जणांचा एक असे 15 प्रकल्पगट आणि प्रत्येक गटाला 40 तास, म्हणजे आणखी 600 तास. एकूण 2,100 तासांचे मशीन आणि आयपी मिळून सुमारे 57.50 डॉलर होतात. प्रत्येक मशीनला 8 जीबीची डिस्क आणि ती मशीनबरोबरच नष्ट होते असे धरले, तर तिचे दोन डॉलर. म्हणजे सगळे मिळून 60 डॉलर झाले. डॉलरला 90 रुपये धरले तर 5,400 आणि करासह 6,372 रुपये. एका विद्यार्थ्यामागे सत्राला 106 रुपये पडतात.

आता हीच 60 मशीन शेवटच्या प्रात्यक्षिकानंतर कोणी बंद केली नाहीत आणि दिवाळीची 12 दिवसांची सुट्टी लागली, असे समजा. 60 मशीन गुणिले 288 तास, म्हणजे 17,280 तास झाले. मशीन, आयपी आणि डिस्क मिळून सुमारे 490 डॉलर, करासह 52,000 रुपये. संपूर्ण सत्र शिकवायला लागतात त्याच्या आठपट पैसे कोणीही काहीही न शिकता 12 दिवसांत जातात.

प्राचार्यांना हे दोन आकडे शेजारी-शेजारी दाखवावेत. त्यावरून त्यांना लगेच दिसेल की तरतूद शिकवण्यासाठी लहानच लागते आणि मर्यादा विसरण्यावर घालायची आहे.

पाचवे_सत्र

मी विद्यार्थी आहे. आमच्या सरांनी प्रत्येकाला मशीन थांबवायला सांगितले होते आणि आम्ही सगळ्यांनी ती थांबवली होती, तरीही बिल येत राहिले. असे का होते?

देवराई

थांबवणे आणि नष्ट करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबवलेल्या मशीनचे तासाचे भाडे लागत नाही, पण तिची डिस्क जागा धरून बसते आणि त्या जागेचे पैसे लागतात. राखून ठेवलेला आयपी पत्ता असेल तर त्याचेही लागतात. डेटाबेसची गोष्ट याहून फसवी आहे : ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेतील थांबवलेला डेटाबेस सात दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो. आठवडाभराच्या सुट्टीत सगळे बंद आहे असे समजून घरी गेलेल्या वर्गाला तो हमखास सापडतो.

म्हणून प्रात्यक्षिकाचे मशीन थांबवू नये, ते नष्टच व्हावे. त्यासाठी विद्यार्थ्याच्या आठवणीवर अवलंबून राहू नये. मशीन तयार करताना यूजर डेटाच्या चौकटीत या दोन ओळी द्याव्यात :

```
#!/bin/bash
shutdown -h +150
```

मशीन 150 मिनिटांनी स्वतःच बंद होते. त्याबरोबर मशीन तयार करताना शटडाउनच्या वर्तनाचा पर्याय terminate असा निवडावा, कारण तो मुळात stop असतो. मग बंद होणे म्हणजेच नष्ट होणे ठरते आणि मूळ डिस्कही बरोबर जाते.

दुसरे कुलूप परवानगीचे आहे. विद्यार्थ्यांच्या गटावर हा नियम लावला की लहान आकाराखेरीज दुसरे मशीन सुरूच होत नाही :

```json
{
  "Version": "2012-10-17",
  "Statement": [{
    "Effect": "Deny",
    "Action": "ec2:RunInstances",
    "Resource": "arn:aws:ec2:*:*:instance/*",
    "Condition": {"StringNotEquals":
      {"ec2:InstanceType": ["t3.micro", "t3.small"]}}
  }]
}
```

असाच आणखी एक नियम मुंबईखेरीज इतर रीजन बंद करण्यासाठी लावावा. त्यानंतर एखाद्या विद्यार्थ्याची किल्ली बाहेर गेली तरी परक्या माणसाला नवे मशीन फार तर t3.small चे मिळेल. अशी मशीन किती सुरू करता येतील, यावर खात्याच्या व्हीसीपीयू म्हणजे आभासी प्रोसेसरच्या कोट्याचे बंधन असते. नव्या खात्याला हा कोटा मुळात लहान मिळतो. एका तुकडीच्या वीस मशीनसाठी 40 व्हीसीपीयू लागतील, तेवढाच मागून घ्यावा आणि त्याहून वाढवू नये.

पाचवे_सत्र

`sudo shutdown -c` दिले की पहिले कुलूप उघडते, हे आमच्या वर्गातील निम्म्या मुलांना माहीत आहे.

देवराई

बरोबर आहे आणि ते मी स्वतःच लिहायला हवे होते. त्या ओळी फक्त पहिल्या सुरुवातीला चालतात, म्हणून कोणी मशीन पुन्हा चालू केले तरीही त्या लागू होत नाहीत. त्यासाठी रोज रात्री नऊ वाजता विद्यार्थ्यांच्या खुणेचे प्रत्येक मशीन नष्ट करणारे एक वेळापत्रक खात्यातच लावावे लागते. प्रकल्पगटांना काम टिकवायचे असेल तर ते गिटवर ठेवावे, मशीनवर ठेवू नये. हा नियम पहिल्याच तासाला सांगितला तर कोणाची तक्रार राहत नाही.

सेंटपॉलकर

मी मिनेसोटात एका कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकवतो. आमच्याकडे हा प्रश्न ॲमेझॉनच्या ॲकॅडमी लर्नर लॅबने सुटला आहे. संस्थेला सदस्यत्व मोफत मिळते, प्रत्येक विद्यार्थ्याला ठरावीक रक्कम असलेले वेगळे खाते मिळते, बैठक चार तासांनी संपते आणि तेव्हा मशीन थांबवली जातात. कार्ड कोणाचेच लागत नाही. ही योजना भारतातील महाविद्यालयांसाठीही आहे. मग ताईंनी पैसे मागण्याआधी सदस्यत्वाचा अर्ज का करू नये?

एक सूचना मात्र करतो. त्या खात्यातील रक्कम संपली की खाते बंद होते आणि विद्यार्थ्याचे केलेले काम जाते. माझ्या वर्गात दरवर्षी एक-दोन जणांचे असे होते, कारण बैठक नव्याने सुरू केली की थांबवलेली मशीन पुन्हा आपोआप चालू होतात आणि ते त्यांच्या लक्षात येत नाही.

कृष्णाकाठ

सदस्यत्वासाठी अर्ज करण्याचे मी ठरवले आहे आणि त्यालाही प्राचार्यांची सही लागेलच. पण माझ्या माहितीप्रमाणे त्या लॅबमध्ये विद्यार्थ्याला नवे वापरकर्ते आणि त्यांच्या परवानग्या तयार करता येत नाहीत, आधीच दिलेली एकच भूमिका वापरावी लागते. हे खरे आहे का?

सेंटपॉलकर

होय, खरे आहे. मुंबई रीजनही मिळत नाही, अमेरिकेतील दोनच रीजन मिळतात. परवानग्यांचे प्रात्यक्षिक मी पडद्यावर करून दाखवतो, विद्यार्थी ते स्वतः करत नाहीत.

निवृत्त_प्राचार्य

ही चर्चा वाचून काही लिहावेसे वाटले. मी 11 वर्षे प्राचार्य होतो आणि अशी पत्रे माझ्या टेबलावर येत असत. प्राचार्य पत्रात पहिल्यांदा रक्कम वाचत नाहीत. रकमेपेक्षा जास्त बिल आले तर उत्तर कोण देणार, हे वाचतात. 12,000 रुपये कोणत्याही महाविद्यालयाला जड नाहीत. जड असते ते पुढच्या महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत 52,000 रुपयांच्या बिलाचे स्पष्टीकरण देणे. 2016 च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे वार्षिक अंदाजपत्रक त्या समितीपुढे जाते आणि तेथे व्यवस्थापनाचे प्रतिनिधी बसलेले असतात. त्यांना क्लाउड समजावून सांगण्याची वेळ प्राचार्यांवर येते.

म्हणून ताई, मर्यादा ओलांडली जाणार नाही असे लिहू नका. ओलांडली जाऊ नये म्हणून काय केले आहे, तरीही ओलांडली गेली तर कोणाला किती तासांत कळेल आणि कोण खाते बंद करेल, हे नावानिशी लिहा. ज्या शिक्षकाने आपल्या योजनेतील उणीव स्वतः लिहून दिली, त्याच्या पत्रावर मी अधिक विश्वासाने सही करत असे. दिवाळीतील घटनाही लिहा. ती लपवलीत आणि त्या पालकांनी उद्या अर्ज केला, तर प्राचार्यांना ती दुसऱ्याकडून कळेल.

लेखनिक

सरांच्या म्हणण्याला जोडून लिहितो. पत्राच्या शेवटी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बिलाची प्रत व वापराचा तक्ता लेखा विभागाला देण्याची हमी लिहावी. वर्षअखेरीला एकदम हिशोब देणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते, दरमहा देणाऱ्याकडे पाहिले जात नाही.

कृष्णाकाठ

सर्वांच्या सूचनांवरून पत्र नव्याने लिहिले आहे :

*प्रति, मा. प्राचार्य.*
*विषय : तृतीय वर्षाच्या क्लाउड प्रात्यक्षिकांसाठी करासह प्रतिसत्र 8,000 रुपयांच्या आवर्ती खर्चास मान्यता मिळण्याबाबत.*

*महोदय,*

*मागील वर्षी प्रात्यक्षिकांसाठी विद्यार्थ्यांनी कुटुंबीयांच्या कार्डावर स्वतःची खाती उघडली होती. विभागाच्या पत्रकात एक पायरी राहून गेल्यामुळे एका पालकांना तीन हजारांहून अधिक रुपयांचा भुर्दंड पडला. ही चूक विभागाची होती. यापुढे कोणत्याही विद्यार्थ्याचे किंवा पालकाचे कार्ड वापरले जाऊ नये, यासाठी हे पत्र आहे.*

*दहापैकी सहा प्रात्यक्षिके प्रयोगशाळेतील संगणकांवर विनाखर्च घेतली जातील. उरलेली चार प्रात्यक्षिके व 15 गटांचे प्रकल्प यांसाठी भाड्याची मशीन लागतील. त्यांचा अंदाजित वापर 1,200 तासांचा असून खर्च करासह सुमारे 3,650 रुपये होईल. नेटवर्क व डेटाबेसच्या प्रात्यक्षिकांतील सेवा, दरातील व डॉलरच्या भावातील बदल आणि पुन्हा घ्याव्या लागणाऱ्या प्रात्यक्षिकांसाठी वाव ठेवून 8,000 रुपयांची मागणी केली आहे. हा खर्च रसायनशास्त्राच्या उपभोग्य साहित्याप्रमाणे प्रयोगशाळा खर्चात दाखवावा, ही विनंती.*

*सेवा देणारी कंपनी या रकमेवर कुलूप लावून देत नाही, फक्त इशारा देते, आणि तो येण्यास अर्धा दिवस लागू शकतो, हे नमूद करणे आवश्यक वाटते. म्हणून विभाग स्वतः पुढील व्यवस्था करील : विद्यार्थ्यांना केवळ लहान आकाराची मशीन व एकच रीजन उपलब्ध राहील, प्रत्येक मशीन अडीच तासांनी नष्ट होईल, त्यातून राहिलेली मशीन रोज रात्री नऊ वाजता नष्ट केली जातील, आणि खर्च 4,000 रुपयांवर पोहोचल्यावर विद्यार्थ्यांची नवीन मशीन सुरू करण्याची परवानगी आपोआप थांबेल. ती पुन्हा सुरू करण्यासाठी विभागप्रमुखांची लेखी संमती घेतली जाईल. सत्राच्या शेवटच्या दिवशी सर्व विद्यार्थ्यांचे प्रवेश काढून टाकले जातील. बिलाची प्रत दरमहा लेखा विभागास दिली जाईल.*

*खाते महाविद्यालयाच्या नावाने व कार्यालयाच्या ईमेलवर उघडावे. मुख्य परवलीचा शब्द बंद लिफाफ्यात आपल्याकडे राहील.*

*आपली विश्वासू*

जुनी_प्रयोगशाळा

सहा प्रात्यक्षिके स्थानिक संगणकावर आणलीत, याचा आनंद वाटला. उरलेल्या चारबाबत माझे मत अजूनही वेगळे आहे. परवानग्यांचे नियम ओपनस्टॅकवरही शिकवता येतात. भाड्याच्या सेवेचे दर आणि नियम दोन वर्षांनी बदलतात आणि मुलांनी पाठ केलेले पडदे तेव्हा निरुपयोगी होतात.

देवराई

सर, पडद्यांबाबत आपण म्हणता ते खरे आहे. जुलै 2025 मध्ये ॲमेझॉनने नव्या खात्यांची मोफत योजनाच बदलली. पूर्वी 12 महिने दरमहा 750 तास मिळत, आता ठरावीक रक्कम आणि सहा महिन्यांची मुदत मिळते. जुन्या पत्रकावर विसंबलेल्या महाविद्यालयांना नवी पत्रके करावी लागली असणार. पण बिल वाचायला ओपनस्टॅकवर शिकवता येत नाही, कारण तेथे बिलच येत नाही.

ताई, पत्रात एक दुरुस्ती सुचवतो. नॅट गेटवे हा प्रकार मशीनच्या आकाराच्या नियमात बसत नाही आणि रात्रीच्या झाडलोटीतही सापडत नाही, कारण तो मशीन नाहीच. दिवाळीतील पैसे त्यातच गेले होते. `ec2:CreateNatGateway` ही परवानगी विद्यार्थ्यांच्या गटाला मुळातच नाकारावी. त्या प्रात्यक्षिकात आपण स्वतः एकच गेटवे तयार करावा, सगळ्या वर्गाने तो सामायिक वापरावा आणि तास संपताना आपणच तो काढावा.

कृष्णाकाठ

धन्यवाद. ज्या कारणासाठी पत्र लिहिले, तीच वाट मी उघडी ठेवली होती. हे वाक्य घालून आज पत्र देते.

कृष्णाकाठ

पत्र देऊन नऊ दिवस झाले. प्राचार्यांनी 8,000 रुपये मंजूर केले आणि बाजूला दोन प्रश्न लिहून पत्र परत पाठवले. पहिला असा की, ज्या पालकांचे पैसे गेले त्यांना ते विभागाने परत केले का? आम्ही केले नव्हते. विभागातील चौघांनी मिळून ते काल दिले. दुसरा असा की, अर्ध्या रकमेचा इशारा कार्यालयाच्या ईमेलवर येणार, पण दिवाळीच्या सुट्टीत कार्यालय बंद असते, तेव्हा तो कोण वाचणार? मी माझा ईमेलही जोडेन असे सांगितले, त्यावर त्यांनी आणखी एका व्यक्तीचे नाव मागितले आहे. विभागात हे काम येणारे दुसरे कोणी नाही.

लेखनिक

दुसरी व्यक्ती तांत्रिक असण्याची गरज नाही. प्रयोगशाळा सहायकाचे नाव द्या आणि इशारा आल्यावर आपल्याला फोन करण्याचे एवढेच काम त्याच्याकडे लेखी द्या. मात्र त्याच्या सुट्टीच्या तारखा आपल्या तारखांशी जुळत नाहीत ना, ते आधी पाहा.

निवृत्त_प्राचार्य

सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्यांचे प्रवेश बंद करून सुट्टीनंतर पुन्हा उघडता येतात का? तसे असेल तर सुट्टीतील इशारा वाचण्याचा प्रश्न बराचसा उरणार नाही.

देवराई

येतात. गटावर एक मनाईचा नियम लावायचा आणि नंतर काढायचा, पाच मिनिटांचे काम आहे. पण सर, प्रकल्पगट नेमके सुट्टीतच काम करतात. त्यांचे 600 तास कोणत्या आठवड्यांत ठेवायचे, हे ताईंनाच ठरवावे लागेल.